शनिवारी पहाटे तीन ते दुपारी साडेचार

१३ जुलै २०२४ हा त्या महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. एचडीएफसी बँकेने आपल्या ग्राहकांना आधीच कळवून ठेवले होते की या दिवशी पहाटे ३ पासून दुपारी ४.३० पर्यंत, साडेतेरा तास, बँकेच्या यंत्रणेत बदल होणार आहे. कोअर बँकिंग, म्हणजे सगळी खाती आणि त्यांचे हिशेब ज्यात असतात तो मूळ गाभा, नव्या व्यासपीठावर हलवला जाणार होता. ग्राहक नऊ कोटींच्या वर. त्यामुळे बातम्या झाल्या, घरोघरी कुणीतरी कुणालातरी ‘आदल्या दिवशीच पैसे काढून ठेव’ असे बजावले, आणि तो शनिवार गेला.

सूचना बहुतेकांनी ‘बँक बंद आहे’ एवढीच वाचली. पण तिच्यात त्याहून पुष्कळ काही होते. यूपीआय साडेतेरा तास बंद राहणार नव्हते. ते पहाटे ३ ते ३.४५ आणि पुन्हा सकाळी ९.३० ते दुपारी १२.४५ एवढ्याच वेळात बंद असणार होते. एटीएममधून पैसे निघणार होते, दुकानात कार्ड चालणार होते, पण ठरावीक मर्यादेतच. आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस असे पैसे पाठवण्याचे मार्ग मात्र पूर्ण वेळ बंद. खात्यात दिसणारी शिल्लक शुक्रवारी, १२ जुलैला संध्याकाळी ७.३० वाजता जी होती तीच दिसणार. आणि दुकानदारांना सांगितले होते की कार्डाने पैसे घेता येतील, पण आदल्या दिवशीच्या वसुलीचा हिशेब खात्यावर काम संपल्यावरच दिसेल.

जुनी यंत्रणा बंद करून नवी चालू करण्याच्या या टप्प्याला संगणकवाल्यांच्या बोलीत कटओव्हर म्हणतात. आणि कटओव्हरची सूचना नीट वाचली तर तिच्यातून आतल्या कामाचा आराखडाच दिसतो. वरची साडेसातची वेळच घ्या. काम सुरू होणार पहाटे ३ ला, मग शिल्लक आदल्या संध्याकाळची का?

खाती ज्या यंत्रणेत आहेत तीच बंद असेल तर एटीएमला विचारायला कुणी उरत नाही. म्हणून बँका अशा वेळी एक तात्पुरती सोय करतात, तिला स्टँड-इन म्हणतात. ठरलेल्या क्षणी प्रत्येक खात्याच्या शिलकेची एक प्रत काढून ती एटीएम आणि कार्डांचे व्यवहार सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे देतात. पुढचे काही तास ही यंत्रणा मूळ खात्याला न विचारता त्या प्रतीवरून ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ ठरवते, झालेले व्यवहार बाजूला नोंदवून ठेवते आणि गाभा पुन्हा चालू झाला की ते एकामागून एक खात्यांत उतरवते. प्रत जुनी असल्यामुळे तिच्यावर फार विश्वास ठेवता येत नाही. दरम्यान त्या खात्यातून एखादा कर्जाचा हप्ता वळता झालेला असू शकतो. तेवढा धोका बँक स्वतःच्या अंगावर घेते, आणि तो आवाक्यात राहावा म्हणून रकमेवर मर्यादा घालते. यूपीआयच्या दोन वेगवेगळ्या बंद वेळाही या दृष्टीने पाहिल्या की कोड्यात पाडत नाहीत. अशा कामात व्यवहार आधी तात्पुरत्या यंत्रणेवर न्यावे लागतात आणि नंतर तिथून नव्या गाभ्यावर आणावे लागतात. या दोन्ही वेळी थोडा काळ दार लावून घ्यावेच लागते, आणि दुसरा काळ साधारणपणे लांब असतो, कारण तेव्हा साठलेले व्यवहार उतरवायचे असतात.

मोठ्या बँकेचे झाले. आता एक लहान उदाहरण पूर्ण करून पाहू, कारण सूचना लिहिण्याची खरी अडचण लहान जागी जास्त स्पष्ट दिसते. समजा, एक नागरी सहकारी बँक आहे. चौदा शाखा, साठ हजार खाती, वीस एटीएम, आणि गल्लोगल्ली दुकानांतून रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट. तिला जुने सॉफ्टवेअर सोडून नव्यावर जायचे आहे.

पहिला निर्णय तारखेचा. महिन्याचे पहिले दहा दिवस बाद, कारण पगार, पेन्शन आणि कर्जाचे हप्ते तेव्हाच असतात. तिमाहीअखेर बाद, कारण व्याजाच्या नोंदी. जीएसटीचा भरणा व्यापारी २० तारखेला धावपळ करून करतात, म्हणून त्याच्या आधीचे दोन-तीन दिवसही नकोत. मग उरतो चौथा शनिवार. त्या दिवशी बँकेला सुट्टी, पाठोपाठ रविवार. उदाहरणापुरते २१ ऑगस्ट २०२६ चा शुक्रवार धरू. २२ ला चौथा शनिवार येतो.

दुसरा निर्णय वेळेचा, आणि इथे अंदाजाने बोलून चालत नाही. कटओव्हरच्या आधी निदान दोनदा तरी पूर्ण रंगीत तालीम करतात आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवतात. आपल्या बँकेच्या शेवटच्या तालमीत असे दिसले: शुक्रवारी रात्री ८ ला व्यवहार थांबवून जुन्या यंत्रणेवरचा शेवटचा डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम, साडेतीन तासांत झाले. माहिती बाहेर काढायला तीन तास. ती नव्या साच्यात बसवून भरायला नऊ तास. ताळमेळ घ्यायला पाच तास. शाखाधिकाऱ्यांनी स्वतः खाती उघडून पाहायला तीन, आणि एटीएम, यूपीआय, मोबाइल अ‍ॅप जोडून तपासायला आणखी तीन. बेरीज साडेसव्वीस तास. सगळे सुरळीत गेले तर शनिवारी रात्री १०.३० ला बँक तयार.

म्हणून सूचनेत ‘शनिवारी रात्री १०.३० पर्यंत’ असे लिहायचे का? पुष्कळ ठिकाणी हेच लिहितात आणि तिथेच फसतात. तालमीचा वेळ हा सगळे नीट गेल्यावरचा वेळ असतो. ताळमेळाची पायरीच पाहा. जुन्या यंत्रणेतल्या बचत खात्यांची संख्या आणि त्यांची एकूण शिलकेची बेरीज नव्या यंत्रणेत पैशापर्यंत जुळली पाहिजे. तसेच चालू खाती, मुदत ठेवी, कर्जे, पिग्मी, आणि शेवटी तेरीज. मुदत ठेवींत सतरा खात्यांचा फरक निघाला, तर तो शोधायला वीस मिनिटे लागतील की सहा तास, हे आधी कुणीच सांगू शकत नाही.

त्यात दुसरी एक वेळ दडलेली असते, ती ग्राहकाला कधी दिसत नाही. काम फसलेच तर माघार घेऊन जुनी यंत्रणा पुन्हा उभी करायला वेळ लागतो. आपल्या बँकेत तो सहा तास निघाला. शाखा सोमवारी सकाळी १० ला उघडणार. पण एटीएम आणि अ‍ॅप रविवारी दुपारी २ ला सुरू करू, असे बँकेने जाहीर करायचे ठरवले, तर पुढे जायचे की माघारी फिरायचे याचा निकाल रविवारी सकाळी ८ च्या आत लागला पाहिजे. म्हणजे शनिवारी रात्री १०.३० पासून रविवारी सकाळी ८ पर्यंतचे साडेनऊ तास ही या कामाची खरी शिल्लक. ती वापरावी लागली नाही तर उत्तम. ग्राहकाला सेवा लवकर मिळाली म्हणून कुणी तक्रार करत नाही. नव्या यंत्रणेवर पहिल्या खऱ्या ग्राहकाचा पहिला व्यवहार झाला, की मात्र माघारीचा रस्ता जवळजवळ बंद होतो, कारण तो व्यवहार जुन्या यंत्रणेला माहीतच नसतो. म्हणूनच दार उघडण्याची घाई करायची नसते.

आता सूचना. नेहमीची कशी असते हे सगळ्यांना पाठ आहे: ‘तांत्रिक कारणास्तव दि. २१ ते २३ या कालावधीत काही सेवा उपलब्ध नसतील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ या वाक्यातून ग्राहकाला एकही निर्णय घेता येत नाही. काही म्हणजे कोणत्या? २१ ला सकाळपासून की रात्रीपासून? शनिवारी लग्नाचा हॉल बुक करायचाय, तर पैसे कसे द्यायचे? माझ्या मते दिलगिरी पहिल्या ओळीत तर अजिबात नको. वाचणाऱ्याला आधी वेळ हवी असते.

वर ठरवलेल्या वेळा धरून याच बँकेची सूचना अशी लिहिता येईल:

‘आपल्या बँकेचे व्यवहार नव्या संगणक यंत्रणेवर नेण्याचे काम शुक्रवार, २१ ऑगस्ट २०२६ रोजी रात्री ८ वाजता सुरू होईल. रविवार, २३ ऑगस्ट रोजी दुपारी २ वाजेपर्यंत मोबाइल अ‍ॅप, यूपीआय, आयएमपीएस आणि एनईएफटी बंद राहतील. या काळात एटीएममधून प्रत्येक कार्डावर एकूण ५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळेल. एटीएमवर शुक्रवारी रात्री ८ वाजताची शिल्लक दिसेल. त्यानंतर जमा झालेली रक्कम रविवारी दुपारनंतर दिसेल. २२ आणि २३ तारखेला देय असलेले आमच्या बँकेच्या कर्जाचे हप्ते २४ तारखेला वळते केले जातील व त्यावर दंड लागणार नाही. सर्व शाखा सोमवार, २४ ऑगस्ट रोजी सकाळी १० वाजता नेहमीप्रमाणे उघडतील. मोठी रक्कम पाठवायची असल्यास शुक्रवारी सायंकाळी ६ पूर्वी पाठवावी. सोमवारपासून जुने अ‍ॅप चालणार नाही. नवे अ‍ॅप कसे घ्यावे याची माहिती शाखेत मिळेल. खाते क्रमांक, चेकबुक आणि एटीएम कार्ड बदलणार नाही.’

यातले प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे, आणि शेवटची दोन वाक्ये तर सर्वांत जास्त विसरली जाणारी. बंद काळ संपल्यावर काय बदललेले असेल, हे सूचनेत आले नाही तर सोमवारी सकाळी चौदा शाखांत रांगा लागतात. विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्यावर त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. त्या तारखेची आगाऊ सूचना नसती, तर जुना कोड टाकून पाठवलेले पगार आणि भाडी अडकून बसली असती.

वेळ लिहिण्यातही एक खाचखळगा आहे. ‘शुक्रवारी मध्यरात्री १२’ म्हटल्यावर निम्मे लोक शुक्रवार सुरू होतानाची रात्र धरतात आणि निम्मे संपतानाची. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपल्या सूचनांत यातून सुटका करून घेतली होती: आरटीजीएस रविवारी, १८ एप्रिलला ००.०० पासून १४.०० पर्यंत बंद, आणि हे काम १७ एप्रिलचे व्यवहार आटोपल्यावर होईल, असे दोन्ही बाजूंनी सांगितले होते. सर्वसामान्य ग्राहकाला चोवीस तासांचे घड्याळ रुचत नाही, म्हणून वार, तारीख आणि ‘पहाटे’, ‘रात्री’ हे तिन्ही सोबत लिहिलेले बरे. आणि बंद काळाचे काठ जमल्यास मध्यरात्रीला टेकवूच नयेत.

एकच सूचना सगळ्यांना पाठवून मात्र भागत नाही. पिग्मी एजंटाला वरच्या मजकुरातून काहीच कळणार नाही. त्याच्या हातातल्या यंत्रात शुक्रवारी दिवसभरात भरलेली वसुली डे-एंडच्या आधी शाखेत उतरली नाही, तर ती ना जुन्या यंत्रणेत ना नव्या. त्याला वेगळे, एकाच ओळीचे पत्र हवे: ‘शुक्रवारी सायंकाळी ६ पर्यंत यंत्र शाखेत जमा करा; शनिवार-रविवारची वसुली पावतीपुस्तकावर घ्या.’ ज्या कारखान्याचा पगार या बँकेतून होतो, त्याच्या हिशेबनिसाला निदान महिनाभर आधी कळले पाहिजे, कारण नव्या यंत्रणेला पगाराची फाइल वेगळ्या साच्यात लागू शकते आणि ती एकदा पाठवून बघावी लागते. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना सोमवारी कुणाला फोन करायचा हे हवे. एटीएमचे जाळे चालवणारी कंपनी आणि एनपीसीआय यांच्याशी वेळा आधीच ठरवाव्या लागतात. त्यांची माणसे त्या रात्री हजर नसतील तर आपण तयार असूनही यूपीआय जोडता येत नाही.

मग संपर्काचा भाग. सूचनेच्या तळाला एक टोल-फ्री क्रमांक टाकला की काम झाले, असा सर्वत्र समज आहे. पण फोन उचलणारी मुलगी त्याच गाभ्यातून शिल्लक पाहते. तो बंद असताना तिच्यासमोरही कोराच पडदा असतो. तिला निदान स्टँड-इनमधले व्यवहार पाहता आले पाहिजेत, आणि एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर तक्रार कागदावर कशी नोंदवायची हे माहीत पाहिजे. कार्ड हरवल्यास ते बंद करण्याची सोय या साऱ्या काळात चालूच असली पाहिजे, आणि तो क्रमांक सूचनेत वेगळा दाखवला पाहिजे. बाकीचे थांबू शकते, हे नाही.

शिवाय अशी सूचना निघाली की चोरांनाही तारीख कळते. ‘बँकेचे सर्व्हर अपग्रेड होत आहे, खाते चालू ठेवण्यासाठी ओटीपी सांगा’ असे फोन त्याच आठवड्यात येऊ लागतात, आणि ग्राहकाला ते खरे वाटतात, कारण अपग्रेड खरेच चालू असते. यावर एक साधा उपाय असा की सूचनेत नवा क्रमांक किंवा लिंक द्यायचीच नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक वापरा, एवढेच लिहायचे. सोबत हेही स्पष्ट लिहायचे की या कामासाठी ग्राहकाला काहीही भरून द्यायचे नाही आणि बँक कुणाला फोन करणार नाही. तरीही कुणी फसलाच तर त्याच्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक.

सूचना चोख असूनही कटओव्हर किती बिघडू शकते याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. टीएसबी या बँकेची खाती आधीच्या मालक बँकेच्या, लॉइड्सच्या, यंत्रणेवर होती. सबाडेल या स्पॅनिश बँकेने टीएसबी घेतल्यावर ती नव्या यंत्रणेवर हलवायची ठरली. पहिली तारीख नोव्हेंबर २०१७ ची होती, ती पुढे ढकलली. मग ग्राहकांना कळवले गेले की शुक्रवार, २० एप्रिल २०१८ च्या दुपारी ४ पासून रविवार, २२ एप्रिलच्या संध्याकाळी ६ पर्यंत सेवा बंद राहतील. रविवारी संध्याकाळी यंत्रणा उघडली. खात्यांची माहिती नव्या ठिकाणी नीट पोहोचली होती. पण यंत्रणेवर खरे ग्राहक येताच ती कोलमडू लागली. कित्येकांना खात्यात शिरताच येईना, काहींना दुसऱ्याच लोकांची खाती दिसली, शाखांतही कामे अडली, फोन लागेनात, आणि या गोंधळाचा फायदा भामट्यांनी घेतला. ५२ लाख ग्राहकांची ही बँक पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे चौकशीत आढळले की यंत्रणा दोन डेटा सेंटरांवर चालणार होती, आणि मोठ्या भाराची चाचणी त्यातल्या एकावरच घेतली होती. बँकेचे प्रमुख पॉल पेस्टर सप्टेंबर २०१८ मध्ये गेले. २०२२ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या दोन नियामकांनी मिळून टीएसबीला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, आणि ग्राहकांना दिलेली भरपाई ३ कोटी २७ लाख पौंडांची होती.

या प्रकरणातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. सूचनेत लिहिलेली शेवटची वेळ हे वचन असते, पण यंत्रणा तयार नसताना ते पाळणे हे न पाळण्यापेक्षा वाईट. म्हणून चांगल्या सूचनेत आणखी एक ओळ असते, जी लिहायला बँका कचरतात: ‘काम वेळेत पूर्ण न झाल्यास रविवारी दुपारी १२ पर्यंत आपल्याला एसएमएसने कळवू आणि जुन्या यंत्रणेवर सेवा सुरू करू.’ ही ओळ आधीच छापलेली असली की माघार घेताना संचालकांना ती नामुष्की वाटत नाही, आणि रविवारी सकाळी ८ वाजता टेबलाभोवती बसलेल्या माणसांना ‘नाही’ म्हणणे थोडे सोपे जाते.

तुमच्या बँकेची किंवा पतसंस्थेची अशी सूचना आली तर फक्त पैसे काढून थांबू नका. काम सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. जुन्या यंत्रणेतली तुमच्या हातातली ती शेवटची छापील नोंद असते. आणि नवी यंत्रणा चालू झाल्यावर शिलकेवर नजर टाकून समाधान मानू नका. शिलकेची बेरीज बँकेने आधीच ताडून पाहिलेली असते. एका साच्यातून दुसऱ्यात जाताना निसटतात त्या बेरजेत न येणाऱ्या गोष्टी: मुदत ठेवीची परिपक्वतेची तारीख, तिचा व्याजदर, दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम, आणि खात्यावर लावलेले वारसाचे नाव. एवढ्या चार गोष्टी पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या.